सॉफ्टनरच्या ड्रममध्ये मीठ जास्त आणि पाणी कमी का हवं?

प्रश्न: आमचं यवतमाळ जिल्ह्यात निवासी वसतिगृह आहे. बोअरचं पाणी जड, तपासणीत जडपणा लिटरला ४५० मि.ग्रॅ. आला. सोलर हीटरच्या नळ्या चुन्याने भरायच्या म्हणून ५० लिटर रेझिनचा सॉफ्टनर बसवला. रोज तीन हजार लिटर पाणी लागतं. आधी चांगलं चाललं, आता दर दोन दिवसांनी मीठ लावूनही अर्ध्या दिवसात साबणाला फेस येत नाही. १०० लिटरच्या ड्रममध्ये आठ किलो मीठ पूर्ण विरघळवतो, अर्धा तास व्हॉल्व मिठाच्या खुणेवर ठेवतो आणि उरलेलं पाणी फेकून देतो. मेकॅनिक म्हणतो रेझिन गेलं, बदला. खरंच गेलं का? आणि मीठ इतकं घट्टच का लागतं? पातळ करून दिलं तर चालत नाही का?

उत्तर:

भाऊ, रेझिनवर आत्ताच खर्च करू नका. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून दोष रेझिनपेक्षा ड्रममध्ये दिसतो. पातळ पाण्याने काम का होत नाही, हे कळलं की बाकीचं आपोआप जुळेल, म्हणून आधी तेच सांगतो.

टाकीतलं रेझिन म्हणजे पॉलिस्टायरीन प्लास्टिकचे खसखशीएवढे मणी. प्रत्येक मण्याच्या आतबाहेर ऋण भाराचे सल्फोनेट गट कायमचे चिकटलेले असतात. ते गट हलत नाहीत, पण त्यांच्याजवळ धन भाराचा कुणीतरी लागतोच. नव्या रेझिनमध्ये तिथे सोडियम बसलेला असतो. बोअरचं पाणी वरून आलं की त्यातला कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम मण्यात शिरतो आणि एकाच्या बदल्यात दोन सोडियम बाहेर पडतात, कारण कॅल्शियमवर दोन भार आणि सोडियमवर एक. चुना धरणारा कॅल्शियम रेझिनमध्ये अडकला, पाण्यात सोडियम गेला, म्हणून हीटरमध्ये पापुद्रा धरत नाही. पाण्यातले एकूण क्षार मात्र कमी होत नाहीत, फक्त त्यांची अदलाबदल होते.

आता उलटा प्रवास. रेझिन कॅल्शियमने भरलं की मिठाच्या पाण्याने तो बाहेर काढून पुन्हा सोडियम बसवायचा. पण ज्या रेझिनने सोडियम सोडून कॅल्शियम धरला, तेच रेझिन आता कॅल्शियम सोडून सोडियम का घेईल? याचं उत्तर घट्टपणात आहे. पाणी पातळ असतं तेव्हा रेझिनला दोन भाराच्या आयनची, म्हणजे भार असलेल्या कणाची, ओढ फार मोठी असते. पाण्यातल्या आयनांची एकूण घट्टता जसजशी वाढते, तसतशी ही जास्तीची ओढ त्याच प्रमाणात कमी होत जाते. घट्टता दहा पट झाली की ओढ दहावा भाग उरते. एका कॅल्शियमच्या जागी दोन सोडियम लागतात, म्हणून सोडियमच्या घट्टतेचा परिणाम वर्गाने होतो आणि त्यातून हा फरक निर्माण होतो.

तुमच्या पाण्यावर हे लावून बघा. ४५० मि.ग्रॅ. जडपणा म्हणजे आयनांच्या भाराच्या मापात लिटरला ९ मिलिइक्विव्हॅलंट. दहा टक्के मिठाच्या पाण्यात लिटरला साधारण १०७ ग्रॅम मीठ, म्हणजे सुमारे १८०० मिलिइक्विव्हॅलंट. बोअरच्या पाण्याच्या दोनशे पट. त्या घट्टतेला रेझिनची कॅल्शियमसाठीची खास ओढ जवळपास संपते आणि सोडियम संख्येच्या जोरावर आत शिरतो. म्हणून तेवढंच मीठ जास्त पाण्यात विरघळवून दिलं तर तेवढंच काम होत नाही. मिठाचं वजन सारखं असलं तरी पातळ पाण्यात रेझिन कॅल्शियम सोडायला तयार होत नाही आणि बरंचसं मीठ तसंच नालीत जातं.

तुमच्याकडे काय घडतंय ते आता पाहू. शंभर लिटरमध्ये आठ किलो म्हणजे लिटरला ८० ग्रॅम. वरवर पाहता ते दहा टक्क्यांच्या जवळ वाटतं, आणि गडबड इथेच होते. व्हॉल्वमध्ये इंजेक्टर असतो. तो ड्रममधलं पाणी ओढताना त्यात साधं पाणी मिसळतो. तुमच्या आकाराच्या सॉफ्टनरला तो मिनिटाला साधारण एक लिटर मिठाचं पाणी ओढतो आणि दोन लिटर साधं मिसळतो. म्हणजे रेझिनपर्यंत पोचतं ते लिटरला २७ ग्रॅमचं, पावणेतीन टक्क्यांचं पाणी. ड्रममध्ये पूर्ण घट्ट पाणी असेल, असं धरूनच इंजेक्टर बनवलेला असतो. तुम्ही आधी पातळ केलं, मग त्याने आणखी पातळ केलं.

दुसरी गोष्ट अर्ध्या तासाची. मिनिटाला एक लिटर धरलं तर अर्ध्या तासात तीसच लिटर ओढले जातात. तीस लिटरमध्ये २.४ किलो मीठ. बाकीचे साडेपाच किलो तुम्ही फेकून देता. आता दोन दिवसांचा हिशेब करा. सहा हजार लिटर पाणी, लिटरला ४५० मि.ग्रॅ., म्हणजे रेझिनने कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात २७०० ग्रॅम जडपणा पकडला. एक ग्रॅम जडपणा काढायला एक कणही वाया न जाता १.१७ ग्रॅम मीठ लागतं. २७०० ग्रॅमला तीन किलोच्या वर. तुम्ही देता २.४ किलो, तेही पातळ. शंभर टक्के कार्यक्षमता असती तरी हिशेब बसत नाही. दर फेरीला थोडा कॅल्शियम रेझिनमध्ये उरतो, पुढच्या फेरीत त्यात भर पडते. महिन्या-दोन महिन्यांनी अर्ध्या दिवसात फेस जायला लागतो. तुमच्या तक्रारीशी हे पूर्ण जुळतं.

यावरचा उपाय सोपा आहे. ड्रममध्ये मीठ कायम जास्त ठेवायचं, इतकं की पाणी घातल्यावरही तळाशी न विरघळलेलं मीठ दिसलं पाहिजे. मिठाच्या बाबतीत एक सोय आहे: शंभर मिली पाण्यात साधारण ३६ ग्रॅम विरघळतं आणि मग थांबतं. डिसेंबरच्या थंडीत आणि मेच्या उन्हात हा आकडा जवळपास तोच राहतो. म्हणजे २२ लिटर पाणी घातलं की त्यात आठ किलोच मीठ जाईल, ड्रममध्ये पोतंभर असलं तरी. तराजूची गरज नाही, पाणी मोजलं की मीठ मोजलं गेलं. बावीस लिटर पाण्याचं मीठ विरघळून साधारण २५ लिटर घट्ट पाणी होतं. फक्त वेळ द्या. पाणी घालून लगेच व्हॉल्व फिरवला तर वरचं पाणी पातळच असेल. रात्री भरा, सकाळी वापरा. खात्री हवी असेल तर हायड्रोमीटर घ्या. पूर्ण घट्ट मिठाच्या पाण्याची घनता १.२ च्या आसपास येते. १.१५ दिसली तर मीठ संपत आलंय किंवा वेळ कमी दिलाय.

मीठ साधं जाडं चालतं. पण ते घेतलं तर तळाला माती बसते, म्हणून वर्षातून एक-दोनदा ड्रम रिकामा करून धुवा आणि ओढण्याच्या पाइपचं टोक तळापासून थोडं वर ठेवा. फार मळकट मिठात कॅल्शियम-मॅग्नेशियमही असतो, तो काम बिघडवतो. बारीक आयोडीनचं मीठ रसायनाच्या दृष्टीने चालेल, पण ते तळाशी ढेकूळ धरतं आणि महाग पडतं.

आता एका फेरीचे टप्पे. पहिला बॅकवॉश, दहा-पंधरा मिनिटं. पाणी खालून वर जातं, रेझिन फुलतं, अडकलेली माती निघते आणि दाबून बसलेला थर मोकळा होतो. हा टप्पा गाळला तर मिठाचं पाणी एखाद्या वाटेने खाली पळतं आणि अर्ध्या रेझिनला शिवतच नाही. १२ इंची टाकीला मिनिटाला १५ ते १८ लिटर वेग साधारण बरोबर. आपल्याकडची एक खास अडचण इथे येते. थंड पाणी गरम पाण्यापेक्षा जास्त चिकट असतं, म्हणून त्याच वेगाने रेझिनला जास्त उचलतं. मे महिन्यात गच्चीवरच्या तापलेल्या टाकीच्या पाण्यावर वेग बसवला असेल, तर डिसेंबरच्या पहाटे त्याच वेगाने मणी नालीत जाऊ शकतात. हिवाळ्यात एकदा बॅकवॉशचं पाणी पांढऱ्या कापडातून गाळून बघा. कापडावर मणी दिसले तर वेग कमी करा.

मग मीठ. २५ लिटर घट्ट पाणी इंजेक्टरमधून साधारण ७५ लिटर होऊन, दहा टक्क्यांचं, २५ ते ३० मिनिटांत रेझिनमधून गेलं पाहिजे. रेझिनच्या दीडपट पाणी हळूहळू जातं, मण्यांच्या आतपर्यंत सोडियम शिरायला आणि कॅल्शियम बाहेर यायला तेवढा वेळ लागतो. म्हणून इंजेक्टर मोठा करून हे दहा मिनिटांत उरकू नका. इंजेक्टर काढून घट्ट पाणी थेट ओतणंही चूक आहे. पंचवीस लिटर पाणी पन्नास लिटर रेझिनला नीट भिजवतही नाही, शिवाय इतक्या घट्ट पाण्यात मण्यातलं पाणी बाहेर खेचलं जाऊन मणी आकसतात आणि नंतर साध्या पाण्यात झटक्यात फुगतात. वारंवार असं झालं की ते तडकतात. आठ ते बारा टक्के ही व्यवहारातली योग्य पट्टी.

त्यानंतर हळू धुणं, त्याच वेगाने, ३० ते ४० मिनिटं. हा टप्पा मीठ लावण्याचाच उरलेला अर्धा भाग समजा. रेझिनच्या वरच्या जागेतलं आणि थरांतलं मिठाचं पाणी यातच खाली ढकललं जातं. बऱ्याच जणांना वाटतं ड्रम संपला म्हणजे मीठ लागलं, आणि ते लगेच जोराचं धुणं सुरू करतात. तसं केलं तर कामाचं मीठ नालीत जातं. शेवटी जोराचं धुणं आठ-दहा मिनिटं, पाण्याची खारट चव जाईपर्यंत.

मीठ खरंच काम करतंय का, हे घरच्या घरी पाहता येतं. मीठ चालू असताना दर पाच मिनिटांनी नालीच्या पाइपमधून एका काचेच्या ग्लासात थोडं पाणी घ्या आणि त्यात चमचाभर धुण्याच्या सोड्याचं द्रावण टाका. सोड्याने कॅल्शियमचा चुना खाली बसतो. सुरुवातीचे ग्लास जवळपास साधेच राहतील, कारण आधी टाकीतलं जुनं पाणी निघतं. मग एखादा ग्लास दुधासारखा दाट पांढरा होईल, पुढचेही तसेच. म्हणजे रेझिनमधला कॅल्शियम धडाधड निघतोय. नंतर पांढरेपणा कमी होत जाईल. मीठ संपलं, हळू धुणंही बरंच झालं, तरी ग्लास तितकाच दाट होत असेल, तर रेझिनमध्ये अजून बराच कॅल्शियम आहे आणि दुसरी फेरी लागेल. कुठलाच ग्लास नीट पांढरा झाला नाही तर मीठ रेझिनपर्यंत पोचतच नाही: इंजेक्टरची जाळी चोंदली, ओढण्याच्या पाइपला हवा लागली किंवा पंपाचा दाब कमी आहे. ड्रममधली पातळी अर्ध्या तासात किती उतरते, यावरूनही हे लगेच कळेल.

तुमच्या रेझिनमध्ये जुना कॅल्शियम साचला आहे, म्हणून पहिल्यांदा आठ-आठ किलोच्या दोन फेऱ्या एकामागोमाग करा, मध्ये बॅकवॉशसह. मग व्हॉल्व सर्व्हिसवर, म्हणजे नेहमी नरम पाणी देण्याच्या खुणेवर घ्या, पाइपवर साधा पाण्याचा मीटर बसवा आणि जडपणा तपासायचं छोटं किट आणा. त्यात थेंब टाकल्यावर पाणी वाइनच्या लालसर रंगाचं झालं तर जडपणा आहे, निळं झालं तर नाही. फेसावर भरवसा ठेवू नका, फेस कमी होईपर्यंत बराच जडपणा हीटरमध्ये गेलेला असतो.

चांगलं रेझिन आठ किलो मिठावर, म्हणजे लिटरला १६० ग्रॅम या मात्रेवर, लिटरमागे साधारण ५५ ग्रॅम जडपणा पकडतं. पन्नास लिटरला २७५० ग्रॅम. ४५० ने भागलं की सहा हजार शंभर लिटरच्या आसपास. मीटरवर पाच हजारांच्या पुढे जाऊन पाणी लाल होत असेल तर रेझिन ठीक आहे. अडीच-तीन हजारांतच लाल झालं, तर रेझिन कमी झालंय किंवा खराब झालंय. टाकी उघडून थराची उंची मोजा. १२ इंची टाकीत पन्नास लिटर म्हणजे साधारण ७० सेंटिमीटर. उंची कमी असेल तर मणी वाहून गेलेत. मणी बोटात दाबल्यावर चिकट, लिबलिबीत लागले तर क्लोरीनने प्लास्टिकच्या साखळ्या तोडल्यात. ब्लीचिंग पावडर टाकलेलं पाणी सतत सॉफ्टनरला देणाऱ्यांकडे हे होतं. मणी तपकिरी-लाल असतील तर लोह बसलंय. ते सायट्रिक अॅसिडने बरंचसं निघतं, पण बोअरला लोह असेल तर आधी लोहाचा फिल्टर लागतो, नाहीतर पुन्हा तेच.

मेकॅनिकने यातलं काही न मोजता नवीन रेझिन घातलं असतं, तर ते पहिल्या दिवशी सोडियमने भरलेलं असल्यामुळे छान चाललं असतं. मग त्याच पातळ मिठाने तेही हळूहळू कॅल्शियमने भरलं असतं.

दोन दिवसांचा ठरलेला वार सोडा. उन्हाळ्यात पाणी जास्त लागतं, सुट्टीत कमी. मीटरवर ५५०० लिटर झाले की फेरी करा, म्हणजे किटमध्ये पाणी लाल व्हायच्या जरा आधी. मीठ वाचवायचं असेल तर मात्रा कमी करून बघता येईल. पाच किलोवर रेझिन साधारण ४५ ग्रॅम पकडतं, म्हणजे पाच हजार लिटर. दर हजार लिटरला मीठ एक किलो पडतं, आठ किलोच्या फेरीत १.३ आणि बारा किलोच्या फेरीत त्याहून जास्त. शेवटचा कॅल्शियम काढायला मीठ फार लागतं, म्हणून कमी मात्रेत मीठ स्वस्त पडतं. पण कमी मात्रेत खालच्या थरात कॅल्शियम जास्त उरतो. मीठ वरून येतं, त्यामुळे वरचा भाग नीट धुतला जातो आणि कॅल्शियम खाली ढकलला जातो. पुढच्या फेरीत वरून आलेलं नरम पाणी त्या थरातून जाताना थोडा कॅल्शियम घेऊनच बाहेर पडतं. सोलर हीटरला तेवढी गळती चालेल, वाफेच्या बॉयलरला नाही. तुम्ही आधी आठ किलोवर गाडी रुळावर आणा, मग सहावर उतरून किटने बघा.

अकोला, दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यातले कुणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एक गोष्ट. पूर्णेच्या त्या गाळाच्या पट्ट्यात पाण्यात मुळातच सोडियम भरपूर असतो. तो सर्व्हिसच्या वेळीही रेझिनवर उलटा दाब देतो आणि गळती वाढते, शिवाय खारटपणा सॉफ्टनरने कमी होतच नाही. तिथे चव सुधारायची असेल तर आरओ लागतो, सॉफ्टनर फक्त त्याच्या आधी झिल्ली वाचवायला. तुमच्या यवतमाळच्या बेसाल्टातल्या जड पाण्याला मात्र सॉफ्टनर योग्य आहे. फ्लोराइड आणि नायट्रेट ऋण भाराचे असल्यामुळे ते या रेझिनमधून जसेच्या तसे निघतात, त्यासाठी सॉफ्टनरवर विसंबू नका.

स्वयंपाकाचा आणि पिण्याचा नळ मात्र सॉफ्टनरच्या आधीच घ्या. तुमच्या पाण्याचा पूर्ण जडपणा निघाला की लिटरमागे साधारण २०० मि.ग्रॅ. सोडियमची भर पडते. रक्तदाब असलेल्या मोठ्यांना ते रोज प्यायला नको. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा २०० आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मि.ग्रॅ. आहे, तेव्हा फ्लोराइड-नायट्रेटची तपासणी ठीक असेल तर ४५० चं पाणी पिता येतं. नरम पाणी झाडांनाही देऊ नका. काळ्या मातीत सोडियम साचला की ती चिकट होते, पाणी मुरत नाही.

आणि मीठ लावतानाचं नालीचं पाणी. आठ किलोच्या फेरीत दीडशे ते दोनशे लिटर पाण्यातून क्षार बाहेर जातात. ते बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडलं तर हळूहळू तुमच्याच बोअरमध्ये येईल आणि पुढच्या वर्षी तपासणीत ४५० च्या जागी जास्त दिसेल. संत्र्याच्या बागेत तर अजिबात नको, संत्र्याला मीठ सोसत नाही. बोअर आणि शेतापासून दूर, तळाला पॉलिथिन किंवा सिमेंट केलेला उथळ हौद करा. आपल्या उन्हात दोनशे लिटर पाणी पसरट हौदात लवकर उडतं, खाली राहिलेला खार खरवडून पोत्यात भरता येतो. पावसाळ्यात त्या हौदावर पत्रा टाकून ठेवा.